म्हापशाच्या दुकानातले मऊ काजू आणि पाच स्टारची सवलत: ग्राहकाच्या रिव्ह्यूला मालकाचे उत्तर

★★
"म्हापशाच्या दुकानातून अर्धा किलो खारे काजू घेतले. पुण्याला येऊन पाकीट फोडले तर सगळे मऊ. वर बिल करताना काउंटरवर म्हणाले, पाच स्टार द्या, ५० रुपये कमी करतो. मग इथले कौतुक खरे कसे मानायचे?"

मालकाचे उत्तर:

नमस्कार. तुमच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत.

तुम्ही टाकलेल्या फोटोत पाकिटाच्या सीलमध्ये मिठाचे कण दिसतात. भरताना मीठ तोंडाशी चिकटले की मशीनखाली प्लास्टिक नीट जुळत नाही, बारीक फट राहते आणि पावसाळ्यातली दमट हवा आत शिरते. भाजलेला काजू ती ओल लगेच ओढतो. त्याच खेपेतली २० पाकिटे पाण्यात दाबून पाहिली, तीनमधून बुडबुडे आले. पूर्ण खेप विक्रीतून काढली आहे. आता सील करण्याआधी प्रत्येक पाकिटाचे तोंड कोरड्या फडक्याने पुसले जाते. याच खेपेतले काजू इतर कोणाकडे असतील आणि कडवट लागत असतील किंवा जुन्या तेलाचा वास येत असेल, तर ते खाऊ नका.

तुमचे पूर्ण पैसे परत मिळतील. पाकिटावरच्या नंबरवर बिलाचा फोटो पाठवा. बिल किंवा फोन नंबर इथे उघड लिहू नका. त्यासाठी हा रिव्ह्यू काढण्याची किंवा स्टार वाढवण्याची अट नाही. तो तसाच राहू द्या.

पाच स्टारसाठी सवलत देणे ही आमची चूक होती. पैसे किंवा सवलत देऊन मिळवलेले रिव्ह्यू गूगलच्या नियमांत बसत नाहीत. खूश दिसणाऱ्या गिऱ्हाइकालाच लिहायला सांगायचे आणि नाराजाला गुपचूप फोनवर वळवायचे, हेही बसत नाही. ही सवलत बंद केली आहे. दुसऱ्याचा रिव्ह्यू दुकानदाराला पुसता येत नाही, म्हणून ज्यांच्या बिलावर ते ५० रुपये वजा झाले त्यांना आम्ही निरोप पाठवला आहे: सवलत तुमचीच राहील, पण रिव्ह्यू काढून टाका किंवा `Edit review` मध्ये जाऊन मनापासून वाटते तेच लिहा. आमच्या कामगारांनी आणि घरच्यांनी लिहिलेले रिव्ह्यू काढायला लावले आहेत. यामुळे आमची सरासरी खाली येईल, आणि तेच योग्य आहे.

यापुढे प्रत्येक पाकिटात, कोणालाही न वगळता, क्यूआर कोडची एकच चिठ्ठी असेल. तिच्यावर स्टारचा उल्लेख नाही, फक्त इतकेच: "पाकीट फोडल्यावर काजू कुरकुरीत होते का? कधी घेतले, कधी फोडले, तेही लिहा." काउंटरवर कोणी रिव्ह्यू मागणार नाही, कारण तिथे गिऱ्हाइकाने काजू अजून खाल्लेलेच नसतात. तुमच्यासारखे पाकीट घरी नेऊन फोडणाऱ्याने लिहिले, तरच सील कुठे फसते ते आम्हाला कळते.