रविवारचं सॅशे आणि रात्रीचे दोन चमचे

माझं मेडिकलचं दुकान आहे. आमच्या गल्लीतले एक काका, वय ७२, तीन वर्षं दर आठवड्याला पोट साफ होण्याच्या पांढऱ्या औषधाची बाटली न्यायचे. जेवण झालं की दोन मोठे चमचे आणि लगेच आडवे. चिठ्ठी जुनी होती, मीही कधी विचारलं नाही. ती चूक माझी.

मध्यंतरी रक्ततपासणीत त्यांचं व्हिटॅमिन डी कमी, फक्त १२ आलं. डॉक्टरांनी ६० हजार युनिटची सॅशे दिली, आठवड्याला एक. आठ आठवडे झाले, रिपोर्ट १४. काका दुकानात येऊन म्हणाले, "तुझी सॅशे डुप्लिकेट आहेत." घेता कधी, असं विचारलं तेव्हा उलगडा झाला. रविवारी रात्री दुधातून सॅशे, आणि त्यावर ते दोन चमचे.

बाटलीवर बारीक अक्षरात लिक्विड पॅराफिन लिहिलेलं असतं. हे पेट्रोलियमपासून काढलेलं तेल. आपलं शेंगदाण्याचं तेल आतड्यात फुटतं, शोषलं जातं आणि त्यात विरघळलेली ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं सोबत आत नेतं. पॅराफिन पचतच नाही. ते मळाला वंगण देत जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं आणि जाताना त्यात विरघळलेलं जीवनसत्त्वही घेऊन जातं. गाजर-पालकातलं कॅरोटिन तर त्यात फारच सहज विरघळतं. म्हणून ते जेवणाला लागून घ्यायचं नसतं, निदान दोन तासांचं अंतर हवं. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्त जपावं. रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्व कमी पडलं की तीच गोळी जास्त चढते. हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग पडतात.

मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस डॉक्टरांनी दिलं तर एवढं घाबरायचं कारण नाही. प्रश्न वर्षानुवर्षं घेण्याचा आहे.

आणि ते लगेच आडवं होणं! मला जीवनसत्त्वांपेक्षा याचीच भीती वाटते. म्हाताऱ्या माणसाच्या घशातून हे तेल श्वासनलिकेत उतरलं तरी ठसका लागेलच असं नाही. थोडं थोडं फुप्फुसात साचतं आणि न्यूमोनियासारखी सूज येते. नीट गिळता न येणाऱ्याला आणि लहान बाळाला म्हणूनच हे देत नाहीत.

काकांना मी डॉक्टरांकडे परत पाठवलं. त्यांनी पॅराफिन बंद करून लॅक्टुलोज दिलं आणि सॅशे दुपारच्या जेवणासोबत घ्यायला सांगितलं. तीन महिन्यांनी डी ३१. पण काकू खूश झाल्या त्या वेगळ्याच गोष्टीवर. लेंग्याला मागून तेलकट डाग पडायचे, चादरीलाही, आणि काका लाजून डॉक्टरांना कधी बोलले नव्हते. "तीन वर्षं सोड्यात भिजवून घासत होते," काकू म्हणाल्या, "मला वाटलं वयामुळे असेल."