फोटोतला शर्ट बदलताना चौकडा का चुकतो

"साध्या पांढऱ्या शर्टाचा फोटो घ्या, वर चेक्सचं कापड टाका, लेयर Multiply करा आणि Displace मारा. घड्या आपोआप बसतात. शिवणी कोण बघतंय? आणि बारीक डिझाइन असेल तर मोबाइलवर काही कळतच नाही."

Photoshop मध्ये फोटोतल्या शर्टाचं कापड बदलायचा हा सल्ला. त्यातल्या पांढरा शर्ट आणि Multiply इथपर्यंत माझीही हरकत नाही. खालचा शर्ट निळा किंवा करडा असेल तर मात्र वरचे सगळे रंग मळतात, म्हणून पांढराच घ्यावा.

Displace या फिल्टरला घडी दिसत नाही, फक्त उजेड-अंधार दिसतो. नकाशा म्हणून दिलेल्या फाइलमध्ये मधला करडा, म्हणजे 128, असेल तिथे कापड हलत नाही. त्याहून उजळ भागात ते एका बाजूला सरकतं, गडद भागात दुसऱ्या बाजूला. आता खिडकी डावीकडे आहे असं धरा. उभ्या घडीचा डावा उतार उजळ दिसेल, उजवा गडद आणि माथा मधला करडा. म्हणजे जो माथा सर्वांत वर आलेला आहे, तिथली रेघ जागची हलणारच नाही आणि उतारांवर मात्र ती उलटसुलट पळेल. चूक ओळखायची तर हाताची सावली शोधा. पोटावरचं कापड सपाट असतं, पण त्यावर पडलेल्या सावलीच्या कडेवर चौकडा टुणकन उडी मारतो.

याहून मोठी अडचण म्हणजे घडी कापड गिळते आणि Displace ते गिळू शकत नाही. अलीकडेच एका शर्टाचं काम केलं. त्याचं बटण 11 मिमीचं होतं आणि फोटोत ते 22 पिक्सेल भरलं, म्हणजे 1 मिमीला 2 पिक्सेल. चौकड्याची एक आवृत्ती, म्हणजे नक्षी पुन्हा सुरू होईपर्यंतचं अंतर, 6 मिमीची, म्हणून फोटोत 12 पिक्सेलची. (हे माप बटणावरूनच काढावं. नजरेने काढलं की मोठ्या माणसाच्या अंगावर लहान मुलाचा चौकडा येतो.) कमरेजवळच्या आडव्या घडीत साधारण 15 मिमी कापड आत गेलं होतं, म्हणजे अडीच आवृत्त्या. घडीच्या वर गडद पट्टा संपत असेल तर खाली तिथे फिका पट्टा हवा. म्हणून घडीच्या तोंडावर थर कापला आणि खालचा तुकडा 30 पिक्सेल वर सरकवून वरच्या तुकड्यामागे दडवला. न कापता रेघा तशाच ओढून नेल्या असत्या तर शर्ट अंगावर रंगवल्यासारखा दिसला असता.

राहिल्या शिवणी. शर्ट एका कापडाचा असला तरी एका तुकड्याचा नसतो. दोन पुढचे भाग, बाह्या, खांद्याचा तुकडा, कॉलर, कफ, खिसा हे सगळे वेगवेगळे कापलेले असतात आणि प्रत्येकाचा उभा धागा आपापल्या दिशेने जातो. बाहीचा उभा धागा हाताबरोबर चालतो. हात कोपरात वळला की चौकडाही वळायला हवा. सबंध शर्टावर एकच चादर पसरली की रेघा मुंढ्यातून, म्हणजे बाही जिथे जोडतात तिथून, सरळ बाहीत शिरतात आणि ज्याने कधी शर्ट शिवून घेतला आहे त्याला ते लगेच खटकतं. चांगला शिंपी छातीच्या उंचीवर बाहीच्या आडव्या रेघा अंगाशी जुळवतो, पण तिथून खांद्याकडे जाताना त्या सुटतातच, कारण बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा थोडा मोठा कापतात. तिथे जुळवत बसू नका. बटणपट्टीच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या रेघा आणि खिसा जुळवा. खांद्याचा तुकडा काही जण मुद्दाम उरेब, म्हणजे तिरपा, कापतात, तोही बघून घ्या.

पण हे सगळं खरा शर्ट समोर ठेवून करायचं. स्वस्तातल्या शर्टाचा खिसा जुळत नसेल तर फोटोतही जुळवू नये, नाहीतर गिऱ्हाईक माल परत पाठवतं आणि बोलणी आपण खातो.

प्रत्येक तुकड्याला मी वेगळा Smart Object करतो आणि Puppet Warp ने धाग्याच्या दिशेत बसवतो. साध्या थरावर तीन-चारदा वाकवलं की बारीक रेघा पुसट होत जातात. Smart Object दर वेळी मूळ कापडावरून नव्याने काढतो.

मोबाइलवर बारीक डिझाइन कळत नाही म्हणता, पण सर्वांत जास्त ते तिथेच बिघडतं. वरचा फोटो 3000 पिक्सेल उंच होता. तो 750 चा केला तर आवृत्ती 3 पिक्सेलची होते, कशीबशी तगते. यादीतल्या छोट्या चित्रासाठी 375 केला तर दीड पिक्सेल उरतो. एका आवृत्तीला दोन पिक्सेलही मिळाले नाहीत की चौकडा नुसता दिसेनासा होत नाही, त्याच्या जागी कापडात नसलेल्या रुंद लाटा उमटतात. म्हणून छोट्या चित्रासाठी कापडाचा थर आधी हलकासा धूसर करून घेतो, किंवा फक्त कॉलर आणि छातीचा भाग कापून वापरतो. लाटा खऱ्या आहेत की नाही ते 100 टक्के झूमवरच तपासा. 33 किंवा 66 टक्क्यांवर स्क्रीन स्वतःच्या लाटा दाखवते आणि आपण नसलेली चूक दुरुस्त करत बसतो.