परिचयात दुभाष्यासाठी थांबणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "लेख वाचला. सगळं पुस्तकी वाटलं. असं तुकडे तुकडे बोललं तर परिचयाचा जीवच जातो. दुभाषी पैसे घेतो, मग सांभाळून घेणं त्याचं काम आहे, निवेदकाचं नाही. आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी तर सोबतच हात चालवतो, तिथे कशाला थांबायचं? तुम्ही कधी मंचावर उभे राहिलात का?"

नमस्कार. पाहुण्यांचा परिचय करून देताना दुभाषी असेल, मग तो बोलणारा असो वा सांकेतिक भाषेचा, तर एकेक तुकडा बोलून भाषांतरासाठी थांबावं, असं मी लेखात लिहिलं होतं.

सांकेतिक भाषेबद्दलची चूक आधी मान्य करतो. तो दुभाषी आपल्यामागे दोन-चार सेकंदांवर चालत असतो. त्याच्यासाठी वाक्यागणिक थांबायला नको, मी दोन्ही प्रकार एकत्र लिहायला नको होते. पण नाव आणि आकडा आला की तिथेही थांबावंच लागतं. नाव एकेका अक्षराने, दोन्ही हातांनी दाखवावं लागतं. तेवढ्यात तुम्ही पुढच्या पदवीवर गेलात, तर ती पदवी बहिऱ्या श्रोत्यांपर्यंत पोचत नाही. हात खाली येईपर्यंत थांबा, एवढंच. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

मतभेद चालतील, पण 'पुस्तकी' हा शब्द आणि तुमचा शेवटचा प्रश्न चालणार नाही. असं विचारण्याआधी माझे जुने लेख चाळले असते तर बरं झालं असतं. मी सतरा वर्षं सूत्रसंचालन करतोय आणि हा लेख माझ्या स्वतःच्या फजितीतून आला आहे.

एका दूधसंस्थेचा कार्यक्रम होता. पाहुण्या केनियातल्या नकुरूहून आल्या होत्या, त्यांना इंग्रजीच समजत होतं. मी आदल्या रात्री घोटून पाठ केलेलं वाक्य म्हटलं: "डोंगराळ भागातल्या लहान शेतकऱ्यांना एकत्र आणून, त्यांचा विश्वास मिळवून, दलालांचा विरोध पत्करून, वर्षाला दीड कोटी लिटर दूध गोळा करणारी संस्था उभारणाऱ्या…" आणि इथे परिणामासाठी थांबलो. दुभाषी मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. वाक्यात क्रियापदच आलेलं नव्हतं, ती बोलणार काय? इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद लागतं, आपल्याकडे ते शेवटी येतं. तिने अंदाजाने एक ओळ सांगितली आणि दीड कोटीचे 'दीड मिलियन' केले, म्हणजे पंधरा लाख. पाहुण्यांच्या कपाळावर आठी आली, ती मी मंचावरून पाहिली. चूक त्या मुलीची नव्हती. मी तिला कागद दिला नव्हता, आकडा इंग्रजी पद्धतीने लिहून दिला नव्हता आणि थांबलो तेही भलत्याच जागी.

म्हणून 'ते त्याचं काम' हे मला मान्य नाही. दुभाषी भाषा बदलून देतो. वाक्य कुठे पुरं होतं, ते बोलणाऱ्यालाच ठरवावं लागतं. आणि मी तुकडे करा म्हटलं म्हणजे वाक्य मधेच मोडा असं कुठे म्हटलं? उलट एक पुरी गोष्ट क्रियापदासकट सांगायची आणि मग थांबायचं. तोच परिचय आज मी असा करीन:

"आजच्या पाहुण्या नकुरूहून आल्या आहेत." थांबा.
"तिथे त्यांनी लहान शेतकऱ्यांची दूधसंस्था उभारली. दलालांनी विरोध केला, पण त्या मागे हटल्या नाहीत." थांबा.
"आज ही संस्था वर्षाला दीड कोटी लिटर दूध गोळा करते." थांबा. दुभाष्याच्या कागदावर आधीच '15 million' लिहिलेलं हवं.

प्रत्येक तुकडा फार तर दहा-पंधरा सेकंदांचा होतो. तेवढं दुभाष्याच्या लक्षात राहतं आणि श्रोत्यांनाही ताटकळावं लागत नाही. यात जीव कुठे जातो ते मला दाखवा. वेळ मात्र दुप्पट लागतो, म्हणून तीन मिनिटं मिळाली असतील तर दीड मिनिटाचाच मजकूर लिहायचा. आपले निवेदक नेमके हेच करत नाहीत. मजकूर पूर्ण लांबीचा ठेवतात आणि घाई दुभाष्याला करायला लावतात.

त्या दिवशी आणखी एक चुकलं, ते लेखात राहून गेलं होतं. मी पाहुण्यांचं नाव शेवटच्या वाक्याचं भाषांतर होण्याआधीच घेतलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, दुभाषीचा आवाज त्यात बुडाला आणि पाहुण्यांना त्या वाक्यात आपल्याबद्दल काय म्हटलं गेलं ते कळलंच नाही. आता मी नाव सगळ्यात शेवटी, एकटंच ठेवतो. आधीच्या वाक्याचं भाषांतर पूर्ण होऊ देतो, मग पाहुण्यांकडे वळून फक्त नाव घेतो. नावाला भाषांतर लागत नाही, त्यामुळे सगळं सभागृह एकाच वेळी टाळ्या वाजवतं आणि पाहुण्याही त्याच क्षणी उठतात.