पाहुणे हमखास चुकावेत असं निमंत्रण कसं लिहावं

नवं घर झालं म्हणजे लोकांना बोलवावंच लागतं. पण सगळेच आले तर खुर्च्या कुठून आणायच्या? घाबरू नका. तोंडावर 'येऊ नका' म्हणायची काही गरज नाही. निमंत्रण नीट बिघडवलं की निम्मे लोक वाटेतच गळतात, आणि जे पोचतात ते इतके दमलेले असतात की तुमच्या फरशीला नावं ठेवायचं त्राण त्यांच्यात उरत नाही.

अभ्यासासाठी माझ्या एका मित्राने ग्रुपवर टाकलेला हा आदर्श मजकूर घ्या. काना-मात्रेचाही फरक न करता देतो:

'सस्नेह नमस्कार! आमच्या नव्या घरी येत्या शनिवारी संध्याकाळी छोटंसं गेट-टुगेदर ठेवलं आहे. तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहून आम्हांस उपकृत करावे. धमाल करू यार! पत्ता एकदम सोपा, बागेपाशी डावीकडे वळलं की समोरच. लोकेशन पाठवतोच. नाही सापडलं तर फोन कर.'

'येत्या शनिवारी' या दोन शब्दांतलं कसब बघा. मजकूर टाकला गुरुवारी. निम्म्या लोकांनी परवाचा शनिवार धरला, निम्म्यांनी त्यानंतरचा. मित्राच्या मनात नंतरचाच होता. एक जोडपं आठवडाभर आधी नटूनथटून दारात उभं राहिलं, तेव्हा हा बनियनवर खोकी फोडत बसला होता. म्हणून वार लिहिलात तर तारीख लिहू नका, आणि तारीख लिहिलीत तर वार गाळा. दोन्ही शेजारी-शेजारी असले की एकात झालेली चूक दुसरं पकडून देतं, आणि कुणीतरी आगाऊ माणूस आधीच फोन करून विचारतो.

'संध्याकाळी' हा शब्द तर सोडूच नका. लहान मुलं असलेल्यांची संध्याकाळ पाचला होते, ऑफिसातून येणाऱ्यांची नऊला. यजमानाची ती नेमकी केव्हा होते, हे पाचवाल्यांना दार उघडायला लागलेल्या वेळावरून कळतं. निघायची वेळही लिहू नका, आणि जेवण आहे की नुसता चहा, हेही सांगू नका. काहीजण घरून जेवून येतील, काहीजण उपाशी येतील, आणि दोघंही एकमेकांच्या ताटांकडे बघत बसतील.

पण खरी कला पत्त्यात. 'डावीकडे' हे कुणाचं डावीकडे? मित्र रोज स्टेशनकडून घरी येतो, त्यामुळे त्याचं वळण डावीकडे. हमरस्त्याकडून येणाऱ्यांना तेच वळण उजवीकडे लागतं. त्यांनी इमानेइतबारे डावं वळण घेतलं आणि ते एका गोदामापाशी पोचले. 'समोरच' काहीतरी होतंच, त्यामुळे आपण चुकलोय हे कळायलाही वेळ लागला.

एवढ्यावर भागलं नाही तर लोकेशन आहेच. त्यातही लाइव्ह लोकेशन पाठवावं. ते घर दाखवत नाही, पाठवणाऱ्याचा फोन जिथे असेल ती जागा दाखवतं. मित्राने ऐन वेळी बर्फ आणायला जाताना ते पाठवलं, मुदत एक तासाची ठेवली, आणि दोन गाड्या त्याच्या मागोमाग बर्फाच्या दुकानापर्यंत गेल्या. तास संपल्यावर तो ठिपकाही गेला. साधी पिन टाकायची असेल तर दिवाणखान्यात बसून टाका. भिंतींच्या आत फोनला जागेचा अंदाज नीट येत नाही, ठिपका जरा सरकतो आणि नकाशा पाहुण्याला मागच्या गल्लीत, कायम बंद असलेल्या फाटकापाशी नेऊन उभा करतो. तिथून तुमची बाल्कनी स्पष्ट दिसते, फक्त येता येत नाही. चुकूनही फाटकाबाहेर रस्त्यावर उभं राहून पिन टाकू नका. ती बरोबर पडते.

याउपर सगळा मजकूर फुलांच्या चौकटीतल्या चित्रात घाला. चित्रातला पत्ता ना बोट लावून उघडता येतो, ना सहजी कॉपी करता येतो. पाहुणा सिग्नलला थांबून तो एकेक अक्षर नकाशात टाइप करतो, तोवर मागचे हॉर्न वाजवतात.

आता भाषा. 'आम्हांस उपकृत करावे' वाचून मित्राचे काका इस्त्रीचे कपडे घालून, भेटवस्तू घेऊन आले. 'धमाल करू यार' वाचून कॉलेजचे दोघं हाफपँटीत आले. चौघं एकाच सोफ्यावर बसले: काका, काकू आणि दोन हाफपँटी. 'आपण'वरून सुरुवात करून 'फोन कर'वर उतरलात की काकांना वाटतं हा आपल्याला अरेतुरे करतोय, आणि मित्रांना वाटतं हा आपल्याला आपलं समजत नाही.

इतकं सगळं जमून आलेलं असताना वहिनींनी घोळ घातला. ज्यांना घर सापडलंच नाही त्यांच्यासाठी दुसरी फेरी ठरली, आणि मजकूर त्यांनी स्वतः लिहायला घेतला. लिहून झाल्यावर, कधीच घरी न आलेल्या एका मैत्रिणीला तो वाचायला देऊन कागदावर रस्ता काढायला सांगितला. तिने विचारलं, 'बाग संपली म्हणजे झाडं संपली की कुंपण?' वहिनींनी लगेच दुरुस्त केलं. असल्या मैत्रिणींपासून सावध राहा. त्यांचा मजकूर केवळ धोक्याची सूचना म्हणून देतो:

'आम्ही नव्या घरात आलो, बघायला या! शनिवार, 5 डिसेंबर, संध्याकाळी 7 ते 10. मधे कधीही या, जेवण 8 पासून आहे. बी विंग, तिसरा मजला, 304. कुठूनही आलात तरी आधी बागेच्या मोठ्या दरवाजापाशी या. दरवाजाकडे तोंड करून उभे राहिलात की उजव्या हाताच्या रस्त्याने, कुंपणाच्या कडेकडेने चला. कुंपण संपलं की लगेच डावीकडे वळा, तिथलं दुसरं, हिरवं फाटक आपलं. नकाशाने मागच्या गल्लीत नेलं तर ऐकू नका, ते फाटक बंद असतं. गाडी बाहेर रस्त्यावरच लावा. कार्यक्रम काही नाही, नुसत्या गप्पा. रोजच्या कपड्यांत या, मुलांना आणा, भेट आणू नका. येताय का ते गुरुवारपर्यंत कळवा. वाटेत अडलात तर माझ्या बहिणीला फोन करा, नंबर खाली आहे. आमचे हात कामात असतील.'

बघा काय केलंय. एकही 'डावीकडे' मोकाट सोडलेलं नाही, प्रत्येकाला एक दरवाजा नाहीतर कुंपण बांधलंय. 'आपण' नाही, 'तू' नाही, सगळीकडे 'तुम्ही'. ते काकांना आदराचं वाटलं आणि मित्रांना अनेकवचनी, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. उपकृत व्हायचं तर कुणाला सुचलंही नाही.

व्हायचं तेच झालं. सात ते आठच्या दरम्यान झाडून सगळे आले. खुर्च्या कमी पडल्या, तिघं खिडकीच्या कट्ट्यावर बसले. रस्ता सांगण्यासाठी म्हणून मित्राने फोन पूर्ण चार्ज करून खिशात ठेवला होता, तो एकदाही वाजला नाही. मेहुणीचा मात्र एकदा वाजला. काका फाटकापाशी उभे होते आणि विचारत होते, 'हे हिरवं म्हणायचं की पोपटी?'