रोजा सोडण्याची दुआ : काय आवश्यक आणि काय नाही

"रोजा सोडण्यापूर्वी 'अल्लाहुम्म इन्नी लक सुम्तु व बिक आमन्तु व अलैक तवक्कल्तु व अला रिज्किक अफ्तर्तु' ही पूर्ण दुआ म्हटलीच पाहिजे, नाहीतर रोजा अपुरा राहतो. दुआ कबूल होण्याची घडीही अजान झाल्यावरच सुरू होते."

असे सांगितले जाते, पण ते बरोबर नाही. रोजा पूर्ण होतो तो नियत केल्याने आणि पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाळलेल्या संयमाने. इफ्तारची दुआ मुस्तहब आहे, म्हणजे म्हटली तर सवाब. ती राहून गेली म्हणून दिवसभराच्या रोजाला बाध येत नाही.

आता शब्दांकडे वळू. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात यातला छोटा पाठ आहे : 'अल्लाहुम्म लक सुम्तु व अला रिज्किक अफ्तर्तु', म्हणजे 'हे अल्लाह, तुझ्यासाठी मी रोजा धरला आणि तू दिलेल्या अन्नावर सोडला'. त्याचे कथन मुआज बिन जुहरा या ताबिईपर्यंत, म्हणजे सहाबांनंतरच्या पिढीतल्या व्यक्तीपर्यंत, येऊन थांबते आणि पैगंबरांपर्यंतचा मधला दुवा त्यात नाही, म्हणून ते मुर्सल ठरते. 'तुझ्यावर ईमान आणले, तुझ्यावर भरवसा ठेवला' हे शब्द त्या पाठात नाहीत. हनफी विद्वान मुल्ला अली कारी यांनीही 'व बिक आमन्तु' या वाढीला मूळ आधार नसल्याचे, मात्र अर्थ योग्य असल्याचे म्हटले आहे. त्यामुळे ते म्हणणाऱ्याला चूक ठरवण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्यांची सक्ती करण्याला.

त्याच संग्रहात इब्न उमर यांच्याकडून आलेली, आणि हदीसतज्ज्ञ दारकुत्नी यांनी जिची सनद, म्हणजे कथन करणाऱ्यांची साखळी, हसन म्हणजे स्वीकारण्याजोगी मानली आहे, ती दुआ अशी : 'जहबज्जमउ वब्तल्लतिल उरूकु व सबतल अज्रु इन्शाअल्लाह', म्हणजे 'तहान गेली, नसा ओलावल्या आणि अल्लाहने इच्छिले तर मोबदला निश्चित झाला'. हे वाक्य पाणी पिऊन झाल्यावरच खरे ठरते. कोरड्या घशाने 'तहान गेली' असे म्हणणे विचित्रच. 'अफ्तर्तु', म्हणजे 'सोडला', हेही रोजा सुटल्यावरच शोभते.

घडीबाबत सांगायचे, तर इब्न माजा यांच्या संग्रहात रोजेदाराची इफ्तारच्या वेळची दुआ परतवली जात नाही, असे आले आहे. तिरमिजी यांच्याकडील अशाच कथनाचा एक पाठ 'रोजा सोडेपर्यंत' असा आहे, म्हणजे सूर्यास्तापूर्वीचा वेळही त्यात येतो. शिवाय वेळ ठरतो सूर्यास्ताने. अजान ही त्याची सूचना.

समजा, सूर्य मावळला आहे, हातात खजूर आहे आणि मधला एक शब्द आठवेना म्हणून रोजेदार थांबला आहे. इफ्तारला उशीर करू नये हे तर बुखारी आणि मुस्लिम या दोघांकडे आहे, म्हणजे सक्तीच्या नादात तो अधिक भक्कम सुन्नत सोडतो. त्यापेक्षा त्याने सूर्यास्ताआधीची काही मिनिटे मोकळी ठेवून स्वतःच्या भाषेत मागणे मागावे, सूर्य मावळताच बिस्मिल्लाह म्हणून खजूर खावा, पाणी प्यावे आणि मग 'जहबज्जमउ' म्हणावे. सहाबी अब्दुल्लाह बिन अम्र इफ्तारच्या वेळी अल्लाहच्या सर्वव्यापी दयेचा हवाला देऊन क्षमा मागत, असे इब्न माजा यांच्याकडेच नोंदले आहे, आणि त्यांचे शब्द वरच्या दोन्ही पाठांहून वेगळे आहेत.