आधी पानं मोज

आमच्या घराण्यात पाळण्यातलं नाव आयुष्यात तीनदाच वापरतात: शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या पत्रिकेत आणि शेवटच्या जाहिरातीत. एरवी सगळे बाळ, बंडू, बेबी, नाना, माई. त्यामुळे डिसेंबरात नागपुरात कुटुंबमेळावा घ्यायचा ठरला आणि हॉलमध्ये वंशवृक्षाचं मोठं फ्लेक्स लावायची कल्पना निघाली, तेव्हा मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "मी करतो. नावं तर एवढीएवढीशी आहेत, तासाभराचं काम."

तो तास अकरा दिवस चालला.

फ्लेक्सचं माप आधीच ठरलं होतं, कारण स्टेजमागची भिंत ठरलेली होती: आठ फूट रुंद, चार फूट उंच. मी रीतसर वर मधोमध आजोबांना बसवलं. त्यांच्याखाली त्यांची सात मुलं सारख्या अंतरावर मांडली. आठ फूट म्हणजे ९६ इंच, भागिले सात, प्रत्येकाला पावणेचौदा इंचांचा प्लॉट. वाटणी इतकी न्याय्य की आमच्या घराण्यात अशी कधी झाली नव्हती. पुढे तिसरी पिढी मांडायला घेतली आणि वाटणीचं व्हायचं तेच झालं.

आबाकाकांच्या शाखेत शेवटच्या टोकाला १७ नावं येत होती. पावणेचौदा इंचांत १७ म्हणजे एकेका नावाला जेमतेम पाऊण इंच. 'बंडू' त्यात कसाबसा मावला; पण आबाकाकांच्या नातवंडांची नावं प्राजक्ता, अथर्व, शर्वरी अशी. घरात पीजू, अथू, शरू म्हणतात, पण त्यांनी बजावलं होतं की फ्लेक्सवर पीजू लिहिलं तर आम्ही येणारच नाही. शेजारी अण्णाकाका. आजन्म अविवाहित. त्यांच्याखाली पावणेचौदा इंच मोकळं मैदान, क्रिकेट खेळा. मग मी आबाकाकांची नातवंडं थोडी अण्णाकाकांच्या अंगणात सरकवली. रेघा तिरप्या ओढल्या. एक रेघ ताई आत्याच्या बबनच्या गळ्यावरून गेली आणि आणखी एक अशी उतरली, की पाहणाऱ्याला अण्णाकाकांना चार नातवंडं दिसावीत. ते असते तर त्यांनी मला फोडून काढलं असतं.

बायको म्हणाली, "अक्षरं लहान करा." केली. मग फ्लेक्स दुर्बिणीतून बघायची पाळी आली. "फ्लेक्स मोठं करा." दर चौरस फुटावर असतो, पण खरी अडचण भिंतीची होती, एका बाजूला दरवाजा, दुसऱ्या बाजूला कूलरची खिडकी.

सहाव्या दिवशी माई आत्या आली. वय ८६. नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात तिनं शेकड्यांनी पंगती उठवलेल्या. मी जमिनीवर कागदाचे कपटे मांडून बसलो होतो. तिनं चष्मा पुसला आणि विचारलं, "काय करून राहिला रे?"

मी सगळी कहाणी सांगितली. ती कपट्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पानं किती आहेत?"

"कसली पानं?"

"झाडाचीच बापा. शेवटी ज्याच्याखाली कोणी नाही, तो पान. किती आहेत?"

मला माहीत नव्हतं. तिनं कपाळाला हात लावला. "पंगतीत आधी पानं मोजतात. किती पानं हे माहीत नसताना तू पाट मांडून राहिला!"

मोजली. बापूकाकांकडे ११, आमच्या नानांकडे ६, माई आत्याकडे ९, आबाकाकांकडे १७, ताई आत्याकडे ५, धाकट्या दादांकडे ३. आणि अण्णाकाका स्वतःच एक पान. पंगतीत एकटा आलेला माणूस एक पान अडवतोच, तसं. एकूण ५२.

म्हणजे मी मुळात उलट्या टोकाकडून सुरुवात केली होती. वडीलधारे आधी बसवले आणि मग पोरांना जागा शोधत फिरलो. खरं तर जागा पोरांना लागते. आजोबा एकटे, कुठेही मावतात. सगळी गर्दी शेवटच्या टोकाला, म्हणून माप तिथून घ्यायचं. पण ५२ पानं आडव्या रांगेत मांडली तर कडा सोडून उरलेल्या ९० इंचांत एकाला पावणेदोन इंच. त्यात एकटी प्राजक्ता दाटीवाटीनं बसते, नवऱ्यासकट बसत नाही.

"मग उभी रांग मांड," माई म्हणाली.

एवढंच. झाड आडवं पाडायचं: आजोबा डावीकडे, उजवीकडे एकेक पिढी, आणि पानं एकाखाली एक. आपण अक्षर आडवं लिहितो. नाव कितीही लांबलं तरी उंची तेवढीच राहते. आडव्या रांगेत नावाची लांबी नडते, उभ्या यादीत फक्त उंची लागते. चार फूट म्हणजे ४८ इंच. मथळ्याला आणि खालच्या कडेला नऊ सोडले, उरले ३९. प्रत्येक शाखेनंतर अर्धी ओळ मोकळी, नाहीतर माई आत्याची शेवटची नात अण्णाकाकांची वाटते. सात शाखांमध्ये अशा सहा फटी, म्हणजे तीन ओळी. ५२ अधिक ३, पंचावन्न ओळी. एका ओळीला पाऊण इंचाला किंचित कमी. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळी चिकटून चालत नाहीत. 'बंडू'चा दीर्घ ऊकार खालच्या 'मैथिली'च्या मात्रांत अडकतो. तरी अक्षराला ०.४ इंच मिळाले. दोन-तीन हातांवर उभं राहून मला चष्म्याशिवाय वाचता आलं.

मग काम एक्सेलमध्ये गेलं आणि एका संध्याकाळीत झालं. प्रत्येक पानाला एक ओळ, प्रत्येक पिढीला एक स्तंभ. पानं वरून खाली भरली की आईबापांची जागा शोधावी लागत नाही, ती ठरलेलीच असते: पहिल्या आणि शेवटच्या मुलाच्या बरोबर मधोमध. तीन मुलं चौथ्या, पाचव्या, सहाव्या ओळीत असतील तर बाप पाचव्या. एकच मूल असेल तर बाप त्याच ओळीत आणि रेघ सरळ. असं उजवीकडून डावीकडे आजोबांपर्यंत यायचं. रेघा काटकोनात, तिरप्या नाहीत, आणि एकही रेघ दुसरीला छेदत नाही. छेदली, तर कोणाचं तरी मूल चुकीच्या घरात गेलंय असं समजावं. माझं एकदा गेलं होतं: ताई आत्याचा बबन बापूकाकांकडे. रेघेनं चुगली केली, नाहीतर मेळाव्यात आत्यानं केली असती.

गंमत झाली ती आजोबांची. बापूकाका सहाव्या ओळीवर आले, धाकटे दादा ५४व्या. मधोमध तिसावी, तिथे आजोबा. आणि त्यांच्या जवळजवळ समोर, दीड ओळ वर, अण्णाकाका. नोकरी सोडून नाटकात गेल्यापासून आजोबा ज्यांच्याशी बोलले नाहीत, ते अण्णाकाका नेमके त्यांच्या डोळ्यांसमोर. मी हलवायचा विचार केला. माई म्हणाली, "राहू दे. आता तरी बोलतील."

तक्रारी झाल्याच. बापूकाकांचा मोठा मुलगा म्हणाला, "आजोबांना काहून आडवं पाडलं?" रक्ताचं नाव ठळक आणि लग्नानं आलेलं त्याच ओळीत बारीक, असा नियम मी केला होता. त्यावर बायको शांतपणे म्हणाली, "तीस वर्षं झाली. अजून बारीक टायपातच?" नियम त्याच रात्री बदलला, दोन्ही सारखी, मध्ये एक छोटी रेघ.

आता उरली छोटी नावं. जागेला ती देवासारखी, ओळखीला सैतानासारखी. तिसऱ्या पिढीत तीन बाळ निघाले आणि तिघंही साठीच्या पुढचे. मोठा बाळ, मधला बाळ लिहावं तर मधला कोण यावरून भांडण. गावाचं नाव जोडावं तर दोघं नागपूरचेच. आणि त्या स्तंभात एक नाव लांबलं की सगळा स्तंभच रुंदावतो. म्हणून मी तोडगा काढला, ज्याचा मला तेव्हा अभिमान वाटला: खऱ्या नावाचं पहिलं अक्षर आणि टिंब. सुरेश तो सु. बाळ. विनायक तो वि. बाळ. कैलास तो... ते पुढे येईलच.

कच्चा नमुना कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. एक्केचाळीस अंगठे आले. आठ फुटांचं फ्लेक्स तळहाताएवढ्या पडद्यावर कोणाला काय दिसणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.

फ्लेक्सच्या दुकानात वेगळीच परीक्षा. हिवाळी अधिवेशन तोंडावर, त्यामुळे यंत्रावर फक्त स्वागतोत्सुक नेते. आमचे आजोबा तीन दिवस त्यांच्यामागे रांगेत होते. शिवाय दुकानातल्या पोरानं माझी फाईल आपल्या जुन्या फाँटमध्ये उघडली तर 'प्राजक्ता'चे तुकडे होऊन 'प्' एकीकडे आणि 'राजक्ता' दुसरीकडे. शेवटी सगळी अक्षरं आकृतीत बदलून पीडीएफ दिली, तेव्हा जोडाक्षरं जोडलेली राहिली. कड दुमडून आयलेट ठोकतात, त्यात चारही बाजूंनी इंच-दीड इंच जातो, हे त्यानंच सांगितलं. उजव्या कडेला मी पोरांची नावं अगदी टोकाला नेली होती. अख्खं झाड डावीकडे सरकवलं.

मेळाव्याच्या सकाळी तर्री-पोह्यांच्या प्लेटी घेऊन सगळे फ्लेक्ससमोर. जो तो बोट फिरवत स्वतःला शोधतोय. नातवंडं आजोबांपासून रेघेवरून बोट ओढत स्वतःपर्यंत येत होती, आणि एकाचंही बोट चुकलं नाही. मी मागे उभा राहून कौतुकाची वाट बघत होतो.

तेवढ्यात आबाकाकांचा बाळदादा वळला. वय ६६, बँकेतून निवृत्त, हातात पोह्यांची दुसरी प्लेट.

"काहून रे, मी कधी गेलो? मले तं कोणीच सांगितलं नाही!"

मी वाचलं. आबाकाका, त्यांच्यापुढे रेघ, रेघेला ठसठशीत अक्षरांत: कै. बाळ.

कैलासमधला कै. टिंबासकट. शेजारीच वहिनींचं नाव, त्याही वाचत होत्या.

"दादा, तुम्हीपण ग्रुपवर अंगठा दिला होता," मी म्हणालो.

"मी स्वतःच्या मरणाला अंगठा दिला?"

हॉलभर हशा. कोणीतरी मार्कर आणला. बाळदादानं प्लेट माझ्या हातात दिली, खुर्चीवर चढून टिंबाच्या डोक्यावर, दोन ओळींच्या मधल्या फटीत, बारीक अक्षरांत 'लास' लिहिलं आणि खाली काकपद काढलं. आडव्या झाडाचा हाही एक फायदा. उभ्यात तेवढी फट सापडली नसती.

माई आत्या खुर्चीवर बसून सगळं बघत होती. तिनं वाढप्याला हाक मारली.

"जिता झाला का तो? मग दुपारच्या पंगतीत एक पान वाढव रे बापा."