तेलाची धार बघ

आमच्या घरात दर चार महिन्यांनी घाण्यावरच्या शेंगदाणा तेलाचा १५ किलोचा डबा येतो, आणि त्या दिवशी मी सोडून घरातल्या प्रत्येकाला काहीतरी तातडीचं काम निघतं. मुलीचा क्लास असतो. बायकोला मैत्रिणीचा फोन येतो. फक्त आई ओट्याशेजारी स्टूल टाकून बसते, कारण तिला काम असं काही नसतं, तिला बघायचं असतं.

यंदाही डबा आला. मी बनियनवर आलो, जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली, तीन पाच लिटरचे कॅन ओळीने मांडले, पहिल्यावर नरसाळं ठेवलं, आणि डबा उचलून सरळ पालथा धरला. डब्याने एक मोठा ढेकर दिला. भक्कन तेल आलं, थांबलं, आत हवा ओढली, पुन्हा भक्कन आलं. नरसाळ्याच्या काठावरून एक लाट माझ्या पायाच्या अंगठ्यावर गेली.

"बूच वरच्या अंगाला घे," आई म्हणाली.

"आई, तेल खाली सांडायचंय, बूच वर कसं घेऊ?"

"वर घे म्हणते ना."

तर त्यातलं गुपित असं. डब्याचं बूच एका कोपऱ्यात असतं. तो कोपरा खाली ठेवून डबा कलता केला की तोंड तेलाने गच्च भरतं, हवेला आत जायला वाट राहत नाही, म्हणून तेल आणि हवा पाळीपाळीने ये-जा करतात आणि डबा ढेकरा देतो. तोच कोपरा वरच्या बाजूला ठेवून डबा हळूहळू आडवा केला, तर तोंडाच्या खालच्या अर्ध्यातून तेल बाहेर येतं आणि वरच्या अर्ध्यातून हवा आत जाते. दोघांची भांडणं नाहीत. पत्र्याला भोकं पाडायचे दिवस होते तेव्हा समोरच्या कोपऱ्यात खिळ्याने दुसरं बारीक भोक पाडायचे, तेही हवेसाठीच. मी इतकी वर्षं समजत होतो की ते तेल लवकर संपावं म्हणून दुकानदाराने केलेली सोय आहे.

बूच वर घेतलं आणि धार लागली.

इथे मला क्षणभर थांबलंच पाहिजे, कारण या सगळ्या छळात एवढाच एक भाग बघण्यासारखा असतो. बोटभर जाड धार, वरून खाली येताना निमुळती होत जाणारी. खाली जाताना वेग वाढतो, आणि तेल तेवढंच असल्यामुळे धार बारीक व्हावीच लागते. पाणी असतं तर एवढ्यात त्याचे तुकडे पडून थेंब झाले असते. शेंगदाणा तेल पाण्यापेक्षा साठ-सत्तर पट दाट, त्यामुळे धार सहजासहजी तुटत नाही, हलतही नाही. वाहतंय की काचेची कांडी उभी आहे हे कळू नये इतकी स्थिर. रंग म्हणाल तर फिक्या कोऱ्या चहासारखा पिवळा, पण आरपार. उजवीकडच्या खिडकीचा उजेड त्या धारेत डावीकडे दिसत होता, कारण ती उभी धार चक्क भिंगाचं काम करत होती. ध्यानात चित्त कसं असावं तर 'तैलधारावत्', अखंड, असं रामानुजाचार्य लिहून गेले आहेत. मला ते त्या मिनिटाला पटलं. त्यांच्या हातात डबा मात्र नसावा.

माझ्या हातात होता, आणि चित्त धारेत गुंतलं होतं. पहिला कॅन भरला. दुसरा भरला. तिसऱ्याला नरसाळं लावताना मी हिशोब केला: तीन पंचे पंधरा, डबा पंधराचा, म्हणजे आता उरलंय ते सगळं यात मावणार. म्हणून डबा निर्धास्त कलता केला.

वाचकहो, डबा १५ किलोचा होता. लिटरचा नव्हता. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणूनच एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं. ते मी दहा वर्षं वाचत आलो होतो आणि दहा वर्षं कंपनी नव्वद ग्रॅम मारते असं चारचौघांत सांगत आलो होतो. आता तोच हिशोब उलटा माझ्यावर आला. १५ किलो म्हणजे जवळजवळ साडेसोळा लिटर. वरचं दीड लिटर कुठे जाणार, याचा विचार मी आणि माझ्या तीन कॅननी केलेला नव्हता. कॅनच्या मानेत थोडी जागा जास्त असते, त्यात काही मावलं. बाकीचं माझ्याकडे बघत होतं.

"बास, बास!" आई ओरडली.

मी डबा लगेच सरळ केला. पण नरसाळं काठोकाठ भरलेलं होतं, आणि कॅन भरला म्हणून नरसाळ्यातलं तेल माघारी फिरत नाही. ते आपल्या चालीने खाली येत राहिलं आणि कॅनच्या गळ्यावरून सभोवार ओघळत राहिलं. नरसाळं उचलावं तर सगळंच खाली. न उचलावं तर हळूहळू सगळंच खाली. मी दोन्ही हातांत डबा घेऊन हा प्रकार पाहत उभा राहिलो. पाव लिटर तरी गेलं असेल. आईने कणकेच्या डब्यातून तीन-चार मुठी पीठ फेकलं, पिठाने तेल ओढून घेतलं, आणि मग ते जुन्या पोस्टकार्डाने खरवडून उचललं. ओल्या फडक्याने पुसायला गेलो असतो तर तेल फरशीभर पसरलं असतं आणि रविवारची संध्याकाळ आम्ही हाडवैद्याकडे काढली असती.

इथवरचा छळ चार महिन्यांतून एकदाचा. रोजचा छळ किटलीचा.

कॅनमधून तेल स्टीलच्या किटलीत येतं आणि किटलीतून कढईत. कढईत पडतं ते ठीक. पण किटली सरळ केली की शेवटचा थेंब कढईत न जाता चोचीखाली वळतो, किटलीच्या पोटावरून आरामात खाली उतरतो आणि बुडाशी बसतो. उचलली की ओट्यावर गोल. आमच्या ओट्यावर अशी तेलाची वर्तुळं एकमेकांत अडकलेली असतात, ऑलिम्पिकसारखी. बायको रोज विचारते, "किटली आतून गळते की बाहेरून?" हा प्रश्न नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळलं.

या थेंबावर मोठमोठ्या माणसांनी डोकं घातलंय म्हणे. चहाच्या किटलीलाही हाच रोग. मार्कुस रायनर या शास्त्रज्ञाने १९५६ साली त्यावर लिहिलं आणि त्याला किटलीचंच नाव दिलं. न गळणारी चोच कशी असावी याचं गणित मांडल्याबद्दल जोसेफ केलर आणि जाँ-मार्क व्हॅंडन-ब्रोक यांना १९९९ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं नोबेल. मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या बायकांनी ओटा पुसला असेल, म्हणून वेळ मिळाला."

मूळ गोष्ट साधी आहे. धार जोरात असेल तर ती चोचीच्या टोकावरून सरळ झेप घेते. धार मंद झाली की झेपेचा जोर उरत नाही, आणि चोचीच्या खालच्या कडेला चिकटलेला ओलावा तिला आपल्याकडे ओढून घेतो. म्हणजे गळतं ते घाबरत ओतणाऱ्याचं. मी एक चमचा तेल हवं म्हणून किटली जेमतेम कलती करतो, बारीक धार सोडतो, आणि जपून, अगदी सावकाश सरळ करतो. ओघळायला याहून चांगलं आमंत्रण नाही. आई किटली धाडकन कलती करते, हवं तेवढं पडलं की मनगटाला झटका देऊन उचलते, आणि धार सुरीने कापल्यासारखी तुटते. धारदार, बाहेर वळलेल्या पातळ काठाची चोचही मदत करते. आमच्या किटलीची चोच बायकोच्या माहेरची आहे आणि गोल गुबगुबीत आहे. त्याबद्दल मी इथे काही बोलणार नाही.

मध्यंतरी मी एक उपाय वाचला: चोचीखाली तूप चोळा. चहाला हा उपाय लागू पडतो, कारण पाणी तुपाला चिकटत नाही, धार तिथून सुटते. मी तूप आणलं, तेलाच्या किटलीच्या चोचीखाली मन लावून चोळलं, आणि वाट पाहिली. तेलाला तूप म्हणजे सख्खी मावशी. एरवी थेंबभर वळायचं ते आता खळखळ न करता, पूर्ण विश्वासाने पोटावरून खाली आलं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटण्याऐवजी हातात फडकं आलं.

राहिला मोकळा डबा. मी तो कचऱ्याच्या बादलीशेजारी ठेवला होता. आईने उचलून आणला, बुचाचा कोपरा खाली येईल असा पातेल्यावर तिरका पालथा घातला आणि म्हणाली, "निथळू दे." गावी वाण्याकडे आजीसोबत जायचो तेव्हा तीही हेच म्हणायची. वाण्याने पावशेराचं माप आमच्या बाटलीत उपडं केलं की आजी त्याला माप उचलूच देत नसे. मागे रांग लागायची.

मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिने कागदावर आकडे मांडून सांगितलं, की डब्याच्या आतल्या भिंतींवर मिनिटभराने अंदाजे चाळीस मिलिलिटर तेल चिकटलेलं असेल. चार मिनिटांनी त्याचं निम्मं. त्याचंही निम्मं व्हायला सोळा मिनिटं लागतील, आणि मग तास. थर जितका पातळ, तितका तो भिंतीला घट्ट धरतो. दर वेळी निम्मं करायचं तर चौपट थांबायचं. "म्हणजे आजी, तासाभराने जेमतेम चमचाभर राहतं. त्यापुढे थांबण्यात काही अर्थ नाही."

"चमचाभर म्हणजे एका दिवसाची फोडणी," आई म्हणाली.

डबा रात्रभर पालथा राहिला. सकाळी पातेल्यात दोन-अडीच पळ्या तेल होतं, वरून निवळ, तळाशी घाण्याचा थोडा तांबूस गाळ. आईने वरचं तेवढं अलगद समईत घेतलं. मी डबा उचलायला हात घातला, तर बुचाच्या कडेला एक थेंब लोंबत होता, खिडकीचा उजेड पोटात घेऊन, पडू की नको करत.

"थांब," आई म्हणाली. "अजून आहे त्यात."